प्रबंधाचे बाह्य परीक्षकपद: मुदत अपुरी असेल तर नकार कसा द्यावा?

पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात सादर झाला की तो मार्गदर्शकाबरोबरच विद्यापीठाबाहेरच्या परीक्षकांकडे जातो. या बाहेरच्या तज्ज्ञांना बाह्य परीक्षक म्हणतात. प्रबंध वाचून लेखी अहवाल द्यायचा आणि बोलावले तर मौखिकीला हजर राहायचे, हे त्यांचे काम. त्यासाठी विद्यापीठाकडून आधी संमतीपत्र येते. त्यात विषय असतो, सोबत प्रबंधाचा सारांश असतो आणि अहवाल किती दिवसांत हवा तेही लिहिलेले असते. हा आकडा कधी ४५ किंवा ६० दिवसांचा असतो, कधी महिन्याचा, तर कधी चक्क १५ किंवा १० दिवसांचा.

इतक्या कमी दिवसांत प्रबंध नीट वाचून होणार नसेल तर परीक्षकाने नकार द्यावा का, कधी द्यावा आणि कोणत्या शब्दांत द्यावा, हे या लेखात पाहू. भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची पद्धत डोळ्यांसमोर ठेवली आहे.

एका परीक्षकावर किती अडते?

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांनुसार प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शक आणि किमान दोन बाह्य परीक्षक करतात. हे दोघे त्या विद्यापीठाच्या नोकरीत नसावेत आणि शक्य असेल तिथे त्यांतला एक भारताबाहेरचा असावा, असेही त्यात म्हटले आहे. दोन्ही बाह्य परीक्षकांनी प्रबंध स्वीकारावा अशी शिफारस केली तरच मौखिकी होते. एकाने नाकारला तर प्रबंध मंजूर नामिकेतल्या पर्यायी परीक्षकाकडे जातो आणि त्याच्या शिफारशीवर पुढचे ठरते. सादरीकरणापासून मौखिकीचा निकाल लागेपर्यंतचे सगळे काम सहा महिन्यांत पुरे व्हावे, अशी व्यवस्था विद्यापीठाने करायची आहे.

यातली 'दोन्ही' ही अट महत्त्वाची. एका परीक्षकाचा अहवाल तीन आठवड्यांत आला आणि दुसऱ्याचा तीन महिन्यांत, तर पहिल्याच्या तत्परतेचा विद्यार्थ्याला काही उपयोग होत नाही. तो पहिला अहवाल परीक्षा विभागाच्या फाइलीत पडून राहतो. दरम्यान विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बहुधा संपलेली असते, वसतिगृहाची खोली सोडलेली असते आणि पदवी मिळाल्याचा कागद हातात नसल्याने एखाद्या मुलाखतीत गुण कमी पडत असतात.

सहा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ते सगळे परीक्षकाच्या वाट्याला येत नाहीत. प्रबंध सादर झाल्यावर कागदपत्रांची तपासणी होते, परीक्षकांच्या नामिकेला मंजुरी लागते, मग संमतीपत्रे जातात. पहिल्या नावाकडून उत्तर येत नाही म्हणून स्मरणपत्र जाते, तेही वाया जाते, मग दुसरे नाव. या सगळ्यात तीन महिने निघून गेले तर तिसऱ्या नावाला जाणाऱ्या पत्रात '१५ दिवसांत अहवाल पाठवावा' असे येते. म्हणजे तुमच्याकडे आलेली तुटपुंजी मुदत ही बऱ्याचदा तुमच्या आधीच्या कोणाच्या तरी मौनाची वसुली असते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे दीक्षान्त समारंभाची तारीख. त्या यादीत नाव बसावे म्हणून विभागाची आणि मार्गदर्शकाची धावपळ चाललेली असते.

आधी तासांचा हिशेब

मुदत कमी आहे हे दिवस मोजून कळत नाही. तास मोजावे लागतात. एक कल्पित पण अगदी नेहमीच्या आकाराचे उदाहरण घेऊ.

एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला मार्च महिन्यात सोमवारी पत्र येते. विषय आहे ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर आणि कर्जबाजारीपणा. प्रबंध ३१८ पानांचा, प्रकरणे सहा, सर्वेक्षण ४०० कुटुंबांचे, तक्ते ७४. अहवाल १५ दिवसांत, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या सोमवारी हवा.

असा प्रबंध समजून वाचायचा तर तासाला १२ ते १५ पानांच्या पुढे जाता येत नाही. तक्ते असलेली पाने आणखी हळू जातात. म्हणजे पहिल्या वाचनाला साधारण २३ तास. तक्ते मजकुराशी ताडून पाहणे आणि संदर्भसूचीतले काही मोजके संदर्भ उघडून बघणे यात ६ तास. संशोधन पद्धतीचे आणि निष्कर्षांचे प्रकरण परत वाचायला ४ तास. अहवाल लिहायला आणखी ४. एकूण ३७ तास.

आता हातातला वेळ. मार्चमध्ये महाविद्यालयात परीक्षा, अंतर्गत गुणांचे काम, पेपर तपासणी आणि वर्षअखेरीची कागदपत्रे एकदमच येतात. कामाच्या दिवशी रात्री एक तास मिळतो असे धरले तर ११ दिवसांचे ११ तास. दोन्ही शनिवारी पर्यवेक्षण आहे. एका रविवारी चार तास निघतील, दुसऱ्या रविवारी पाडवा असल्याने जेमतेम दोन. एकूण १७ तास. शिवाय संमती कळवल्यावर प्रबंधाची प्रत हाती पडायला तीन-चार दिवस जातात, ते यातूनच वजा होतात. म्हणजे गरज ३७ तासांची आणि हातात असतील १३ ते १४.

इतका फरक असताना जागरणे करून काम उरकता येईल असे वाटणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. १३ तासांत जे होते त्याला प्रबंध चाळणे म्हणतात. सारांश, पहिले प्रकरण, शेवटचे प्रकरण आणि अधूनमधून एखादा तक्ता, एवढेच वाचून होते.

त्यात काय निसटते, तेही याच उदाहरणात पाहू. तिसऱ्या प्रकरणात नमुना ४०० कुटुंबांचा असल्याचे सांगितले आहे. पाचव्या प्रकरणातल्या कर्जाच्या तक्त्यांची बेरीज मात्र ३७२ येते. मधली २८ कुटुंबे कुठे गेली याचा उल्लेख नाही. आणि निष्कर्षातल्या टक्केवाऱ्या परत ४०० वर काढलेल्या आहेत. कदाचित ती कुटुंबे दुसऱ्या फेरीच्या वेळी गावात सापडली नसतील. स्थलांतराच्या अभ्यासात तसे होणारच. पण सगळ्यांत जास्त कर्ज असलेली कुटुंबेच परत आली नसतील, तर प्रबंधाचा मुख्य निष्कर्षच डळमळतो. ही चूक तिसरे, पाचवे आणि सहावे प्रकरण शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दिसत नाही. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल प्रबंधाबरोबर जोडलेला असतो, पण तो मजकूर दुसरीकडून उचलला आहे का एवढेच सांगतो. बेरीज चुकली आहे का, हे त्याच्या कक्षेतच नाही.

घाईने लिहिलेला अहवाल अनुभवी माणसाला लगेच ओळखू येतो. त्यात पानांचे क्रमांक नसतात. प्रत्येक प्रकरणाबद्दल एक परिच्छेद असतो आणि तो सारांशातूनच उचललेला असतो. सुधारणा सुचवल्या असतील तर त्या मुद्रणदोषांच्या असतात, तेही पहिल्या ४० पानांतल्या. मौखिकीतले प्रश्नही मग 'हा विषय का निवडला?' आणि 'पुढे काय करणार?' इथेच थांबतात. विद्यार्थ्याला त्या दिवशी सुटल्यासारखे वाटते. पण पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते आणि 'शोधगंगा'वर कोणालाही वाचायला मिळते. २८ कुटुंबांचा घोळ मग तिथे त्याच्या नावावर कायम राहतो.

नकार की मुदतवाढ?

हिशेब असा आला की दोन रस्ते उरतात. सरळ नकार, किंवा 'इतक्या दिवसांत जमणार नाही, अमुक तारखेपर्यंत देईन' असे सांगणे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहाव्यात.

कारण साधे आहे. तुमच्या नकारानंतर विभागाला पुढचे नाव काढावे लागते, संमतीपत्र पाठवावे लागते, उत्तराची वाट पाहावी लागते आणि मग प्रत पाठवावी लागते. हे वेगाने झाले तरी दोन-तीन आठवडे जातात आणि नव्या परीक्षकालाही वाचायला वेळ लागतोच. त्यामुळे १५ दिवसांऐवजी ४५ दिवसांत खात्रीने मिळणारा अहवाल विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुष्कळदा जास्त लवकरचा ठरतो. वरच्या उदाहरणातल्या प्राध्यापिकेला ४५ दिवस मिळाले तर रात्रीचे ३० आणि शनिवार-रविवारचे २४ धरून ५० तासांच्या वर वेळ निघतो. ३७ तासांचे काम त्यात आजारपण किंवा लग्नकार्य मधे आले तरी बसते.

मात्र विभागाकडे दुसरे नाव तयार असेल, किंवा सहा महिन्यांची मर्यादा खरोखरच संपत आली असेल, तर ते वाढ देणार नाहीत. म्हणून पत्र असे हवे की वाढ मिळाली नाही तर तेच पत्र नकार म्हणून चालावे, आणि पुन्हा पत्रव्यवहारात आठवडा जाऊ नये. तारीख निश्चित लिहावी. 'थोडा वेळ वाढवून मिळावा' यातून विभागातल्या कर्मचाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

उत्तर कधी द्यायचे, हा मुद्दा शब्दांपेक्षा मोठा आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आधी प्रबंध मागवून घेऊ, चाळून पाहू आणि मग सांगू, असे करू नये. पानांची संख्या आणि विषय सारांशावरून कळतो. सारांशात पानसंख्या नसेल तर विभागाला फोन करून विचारता येते. दोन दिवसांत आलेला नकार विद्यार्थ्याचे दोन दिवस घेतो. संमती देऊन सहाव्या आठवड्यात आलेला नकार त्याचे सहा आठवडे घेतो. सगळ्यांत वाईट म्हणजे उत्तरच न देणे. भिडेखातर नाही म्हणवत नाही, म्हणून पत्र बाजूला ठेवून देणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटते आपण कोणाला दुखावले नाही.

पत्र कोणाला आणि कसे

उत्तर ज्या कार्यालयाचे पत्र आले त्यालाच द्यावे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत हे काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या अखत्यारीत येते. मार्गदर्शकाला किंवा विद्यार्थ्याला परस्पर कळवू नये. परीक्षक कोण आहेत हे मौखिकीपर्यंत विद्यार्थ्याला कळू नये अशी अपेक्षा असते, आणि तुम्ही नकार दिला तरी पत्रातली माहिती गोपनीयच राहते.

मजकूर असा असू शकतो:

> प्रति,
> मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ
>
> विषय: पीएचडी प्रबंधाच्या मूल्यमापनाबाबत
> संदर्भ: आपले पत्र क्र. ..., दि. ...
>
> महोदय,
>
> वरील पत्रान्वये बाह्य परीक्षक म्हणून आपण माझी संमती मागितली आहे, त्याबद्दल आभारी आहे. विषय माझ्या अभ्यासक्षेत्रातील आहे आणि संशोधक अथवा मार्गदर्शक यांच्याशी माझे कोणतेही हितसंबंध नाहीत.
>
> अहवालासाठी १५ दिवसांची मुदत दिली आहे. प्रबंध ३१८ पानांचा असून या काळात माझ्याकडे महाविद्यालयीन परीक्षांचे काम आहे. इतक्या मुदतीत संपूर्ण प्रबंध वाचून अहवाल देणे मला शक्य होणार नाही.
>
> प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांची मुदत मिळाल्यास मी हे काम स्वीकारेन. ते शक्य नसल्यास या पत्रास माझा नकार समजावा व कृपया नामिकेतील पुढील परीक्षकांना विचारणा करावी. त्यासाठी माझ्या वेगळ्या पत्राची वाट पाहू नये.
>
> आपली विश्वासू,

पत्राची भाषा कोरडी वाटेल, पण त्यातले प्रत्येक वाक्य विभागाच्या कामाचे आहे. हितसंबंध नाहीत हे लिहिल्यामुळे पुन्हा वेगळे प्रतिज्ञापत्र मागण्यापूर्वी चित्र स्पष्ट होते. विषय आपला आहे असे सांगितल्याने अडचण फक्त दिवसांची आहे हे कळते. आणि शेवटच्या वाक्यामुळे टेबलावरच्या माणसाला त्याच दिवशी फाइल पुढे सरकवता येते.

माफी मागत चार ओळी लिहिण्याची गरज नसते. घरची कारणे, प्रकृतीचा तपशील हेही नको. तसेच दुसऱ्याचे नाव परस्पर सुचवू नये. परीक्षक मंजूर नामिकेतूनच घ्यावा लागतो. विभागाने विचारले तर गोष्ट वेगळी.

एक खबरदारी मात्र घ्यावी. मुदत हे खरे कारण असेल तरच ते लिहावे. विषय आपला नसेल, मार्गदर्शकाबरोबर अलीकडेच शोधनिबंध लिहिलेला असेल, विद्यार्थी नात्यातला असेल, किंवा त्या विभागाशी जुना बेबनाव असेल, तर 'वेळ नाही' हे सोयीचे उत्तर उलटू शकते. विभाग आनंदाने ६० दिवस देतो आणि मग नाही म्हणायला कारण उरत नाही. हितसंबंधांचे कारण असेल तर तेच एका ओळीत लिहावे.

फोन येतो तेव्हा

कागदावर गोपनीयता असली तरी आपल्याकडे पत्राच्या आधी किंवा मागोमाग मार्गदर्शकाचा फोन येतो. नावे त्यांनीच सुचवलेली असतात, त्यामुळे पत्र गेल्याचा अंदाज त्यांना असतो.

"मॅडम, पत्र मिळालं ना? आमच्या पोरीचं तेवढं बघा. कॉन्व्होकेशनच्या आत झालं तर बरं होईल."

"सर, पत्राबद्दल मी विभागालाच कळवते. त्याविषयी तुमच्याशी बोलणं बरं दिसणार नाही."

"अहो, सगळं वाचायची गरज नाही. मी पाहिलंय ना."

इथेच अडचण सुरू होते. बहुतेक मार्गदर्शक चांगल्या मनाने बोलतात, त्यांना विद्यार्थ्याची काळजी असते. 'मी सगळं न वाचता सही करत नाही, सर,' एवढे शांतपणे सांगितले की पुष्कळदा विषय तिथेच संपतो. संबंध बिघडतील ही भीती खोटी नसते, कारण उद्या आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यांच्याकडे जाणार असतो. पण लवकर आणि स्पष्ट दिलेला नकार लोक लवकर विसरतात. तीन महिने अडकवून ठेवलेला प्रबंध मात्र लक्षात राहतो.

फोनवर 'अहवालाचा मसुदा आम्हीच पाठवतो, तुम्ही फक्त सही करा' असे सुचवले गेले, तर हा मुदतीचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे मुदतवाढीचा पर्याय ठेवू नये, सरळ नकार द्यावा. असा प्रस्ताव आल्याचे परीक्षा विभागाला लेखी कळवावे. ते कळवणे जड जाते हे खरे. पण न कळवल्यास तोच मसुदा पुढच्या परीक्षकाकडे जाणार असतो.

संमती देऊन झाल्यावर लक्षात आले तर

प्रत हाती पडल्यावर ती अपेक्षेपेक्षा जाड निघते, परिशिष्टेच १५० पानांची असतात, किंवा विद्यापीठाचे नवे काम अचानक अंगावर येते. अशा वेळी शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. पहिले ५० पाने वाचून वेग लक्षात येतो. तासाला १४ ऐवजी ८ पाने होत असतील तर हिशेब तिथेच परत मांडावा आणि पहिल्या आठवड्यातच निश्चित तारखेसह वाढ मागावी. या टप्प्यावर वाढ सहसा मिळते, कारण परीक्षक बदलणे विभागालाही परवडत नाही.

काम सोडावेच लागले तर छापील प्रत परत पाठवावी, संगणकावरची फाइल पुसावी आणि तसे केल्याचे पत्रात लिहावे. प्रबंधातला मजकूर अजून प्रकाशित झालेला नसतो. अर्धवट वाचलेल्या प्रबंधावर 'सर्वसाधारण मत' म्हणून काही लिहून पाठवू नये. त्या मताला अहवालाचा दर्जा नसतो, पण ते फाइलीत लागते आणि पुढच्या परीक्षकाच्या मनावर त्याचा भार पडू शकतो.

विद्यार्थी आणि मार्गदर्शकांच्या बाजूने

विद्यार्थ्याच्या हातात या टप्प्यावर फार थोडे असते. परीक्षकांची नावे त्याला माहीत नसतात आणि शोधण्याचा प्रयत्न करणे त्याच्याच अंगाशी येऊ शकते. सादरीकरणाची तारीख लिहून ठेवणे, आणि तीन महिने उलटले तरी काही हालचाल नसेल तर प्रबंध कोणत्या टप्प्यावर आहे, एवढेच परीक्षा विभागाला लेखी विचारणे, हे तो करू शकतो. पत्रात यूजीसीच्या सहा महिन्यांच्या मर्यादेचा उल्लेख केला तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

मार्गदर्शकाला मात्र बरेच करता येते. नामिकेत नावे सुचवताना केवळ मोठी नावे न देता खरोखर वाचणारी माणसे द्यावीत. कोणाकडे एप्रिलमध्ये परीक्षांचे काम असते, कोण परदेशात आहे, कोण नुकतेच विभागप्रमुख झाले आहे, हे त्याच क्षेत्रातल्या माणसाला ठाऊक असते. प्रबंध मार्चमध्ये सादर होणार असेल तर नामिका जानेवारीतच तयार ठेवता येते. असे केले तर पहिल्याच नावाला ४५ किंवा ६० दिवसांचे पत्र जाते आणि १५ दिवसांचे पत्र लिहिण्याची वेळच विभागावर येत नाही.